मनमिळाऊ, निर्व्यसनी, अनुरूप : वऱ्हाडातल्या परिचयपत्रांचे एक वाचन

तुळशीची लग्ने लागली, की वऱ्हाडात उपवर वधू-वर परिचय मेळाव्यांचा हंगाम सुरू होतो. अमरावती-अकोल्यातली मंगल कार्यालये रविवारमागून रविवार भरतात. दारात टेबल टाकून समाजाचे कार्यकर्ते बसलेले असतात, आणि पावती फाडली की हातात एक जाड पुस्तिका पडते. या पुस्तिका मी गेली बरीच वर्षे जमवतो आहे. काही सोयऱ्यांकडून मागून घेतल्या, काही अकोल्यात रद्दीच्या दुकानांतून किलोच्या भावाने आणल्या. घरातले लग्न उरकले की ही पुस्तिका कोणी ठेवत नाही, त्यामुळे जुन्या प्रती मिळणे दुर्मिळ. माझी बायको त्या खोक्यांना ‘तुमचं स्थळांचं गोदाम’ म्हणते.

मी प्राध्यापक नाही. समीक्षा शिकलो ती वाचनालयातल्या पुस्तकांवरून, तीही अर्धीमुर्धी. पण एखादा कवितासंग्रह पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचावा तशा या पुस्तिका मी वाचल्या आहेत, आणि त्यांच्याकडे लेखन म्हणून पाहावे असे मला वाटते. ज्याने शाळा सुटल्यापासून अर्जाखेरीज काही लिहिलेले नाही, असा माणूसही आयुष्यात एकदा ‘मी कोण आहे’ हे कागदावर मांडतो ते इथे. आणि नेमके इथेच तो स्वतः कुठेच सापडत नाही.

पुस्तिकेतल्या नोंदीचा साचा ठरलेला असतो. फोटो, अनुक्रमांक, नाव, जन्मतारीख आणि वेळ, उंची, वर्ण, रक्तगट, शिक्षण, नोकरी, वडिलांचा व्यवसाय, भाऊ-बहिणी, मामकुळ, नातेसंबंध, शेती, अपेक्षा. या यादीत स्वभावाला कधी एक ओळ असते, कधी तीही नसते. असली तर तिच्यात पाच-सहा शब्दच फिरून फिरून येतात. मुलगा मनमिळाऊ, होतकरू, निर्व्यसनी. मुलगी सुस्वभावी, शालीन, गृहकृत्यदक्ष. अपेक्षेच्या रकान्यात दोघांकडेही ‘अनुरूप’. एका पुस्तिकेत मी एकदा दोन सख्ख्या भावांच्या नोंदी समोरासमोरच्या पानांवर पाहिल्या. थोरल्याचा स्वभाव ‘शांत व मनमिळाऊ’, धाकट्याचा ‘मनमिळाऊ व शांत’. या घरात दोन वेगळी माणसे राहतात, याचा तेवढाच पुरावा.

यावर सगळे हसतात, पण कारण शोधत नाहीत. माझ्या मते कारण आवाजात आहे. सोयरीक जुळवण्याचे काम आपल्याकडे मध्यस्थाचे. मामा, आत्याचे यजमान, गावचा कोणी जाणता माणूस दुसऱ्या घरी जाऊन बैठकीत सांगे, की पोरगं निर्व्यसनी आहे, घर खाऊनपिऊन सुखी आहे. हे शब्द त्याच्या तोंडी शोभत, कारण त्यांच्यामागे तो स्वतः उभा असे. उद्या पोरगा दारुडा निघाला, तर त्या मध्यस्थाला त्या गावात तोंड दाखवायला जागा राहत नसे. पुढे मध्यस्थ गेला आणि छापील नोंद आली, पण शब्द त्याचेच राहिले. आज मुलगा स्वतः फॉर्म भरतो आणि मामाच्या आवाजात स्वतःची शिफारस करतो. जो शब्द मामाने म्हटला की साक्ष ठरतो, तोच स्वतः म्हटला की बढाई होते. ती बढाई टाळायला जावे, तर हातात फक्त ‘अनुरूप’ उरतो. बढाई आणि मिळमिळीतपणा हे एकमेकांचे उलट दोष आहेत असे आपण धरून चालतो. मला ती एकाच घरातली दोन भावंडे वाटतात. विवाहाच्या संकेतस्थळांवर ‘माझ्याविषयी’ अशी मोकळी जागा आली तरी फार फरक पडला नाही. तिथेही ‘साधा, सरळ, कुटुंबवत्सल’ अशी मामाची भाषाच उतरली, थोडी इंग्रजी मिसळून.

वधू-वरांनी स्वतःच्या आवाजात बोलावे, हा विचार मात्र आपल्याकडे नवा नाही. 25 डिसेंबर 1873 रोजी पुण्यात पहिला सत्यशोधक विवाह लागला. जोतीराव फुल्यांनी ज्या मंगलाष्टका रचल्या, त्या पुढे 1887 मध्ये पूजाविधीच्या पुस्तकात छापल्या गेल्या. त्यांत नवरा-नवरी एकमेकांना उद्देशून बोलतात, आणि नवरी स्त्रियांच्या हक्कांचा प्रश्न भर मांडवात नवऱ्यापुढे ठेवते. नवऱ्याला त्याचे उत्तर द्यावे लागते. भटजीला मधून काढले, एवढेच त्या विधीविषयी सहसा सांगितले जाते. पण भटजीबरोबर ‘यांच्या वतीने बोलणारा’ हा माणूसच त्यांनी मधून काढला होता, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. सत्यशोधक चळवळ वऱ्हाडात आली, गावोगाव रुजली. तिचा अभिमान सांगणारी घरे आजही आहेत. त्याच घरांतल्या मुलांच्या नोंदी मी वाचतो, तेव्हा मांडवात बोलणारी ती नवरी परिचय पुस्तिकेपर्यंत का पोचली नाही, असा प्रश्न पडतो.

मेळाव्यात एक गंमत होते. मुलामुलींना मंचावर बोलावून माइक देतात, आणि बहुतेक जण पुस्तिकेतली नोंदच वाचून दाखवतात. काही वर्षांपूर्वी अमरावतीच्या एका मेळाव्यात एक मुलगा कागद खाली विसरून वर चढला. नाव सांगितले, गाव सांगितले आणि अडकला. मग म्हणाला, ‘‘माह्याकडं चार गाई हायेत. एक आज-उद्या व्याईन, तिच्यापाशी घरी कोनी नाई. म्हनून मी दोनच्या गाडीनं वापस जातो. ज्याइले बोलाचं असंन त्याइनं आधी बोला.’’ सभागृह हसले. तो खाली उतरला, तेव्हा चार-पाच बाप त्याचा नंबर लिहून घेत होते. त्याने स्वतःविषयी एकही विशेषण वापरले नव्हते. पण तो जबाबदार आहे, लाजाळू नाही आणि घरी माणूसबळ कमी आहे, या तिन्ही गोष्टी त्या चार वाक्यांतून कळल्या होत्या. तिसरी गोष्ट तर त्याच्या बाजूची नव्हती, तरी तीही कळली.

याच पुस्तिकांमध्ये एक रकाना असा आहे, की जो कधीच मिळमिळीत नसतो आणि कधी बढाईही मारत नाही. तो ‘नातेसंबंध’ हा. तिथे गावंडे, काळे, देशमुख अशी आडनावे आणि प्रत्येकापुढे गाव लिहिलेले असते. ‘प्रतिष्ठित गावंडे’ असे तिथे कोणी लिहीत नाही. कारण हा रकाना वाचला की दुसऱ्या दिवशी फोन होणार, त्या गावच्या कोणाला तरी विचारले जाणार, हे लिहिणाऱ्याला ठाऊक असते. ज्याची चौकशी होणार आहे ते माणूस मोजून लिहितो. विशेषणाची चौकशी होत नाही. ‘मुलगा मनमिळाऊ आहे का हो?’ असे कोणी विचारले, तर शेजारी ‘हो’ म्हणण्यापलीकडे काय सांगणार? पण ‘रोज सकाळी आईला दवाखान्यात तो नेतो म्हणे, खरं का?’ असे विचारले, तर शेजारी खरे-खोटे सांगू शकतो, आणि बहुधा त्यात दोन वाक्यांची भरही घालतो. स्वतःविषयी लिहिण्याची कसोटी मला या रकान्यानेच शिकवली. गावातल्या पानटपरीवर ज्याची खातरजमा होऊ शकते, असे वाक्य लिहावे. ते बढाई होत नाही, कारण ते पडताळता येते. ते मिळमिळीतही होत नाही, कारण ते दुसऱ्या कोणाला लागू पडत नाही.

मुलींच्या नोंदींत ही कसोटी लावणे अधिक अवघड जाते. मुलांच्या नोंदी फुगवलेल्या असतात, मुलींच्या पुसलेल्या. अकोल्यात नोकरी करणाऱ्या, स्वतःच्या पगारातून भावाची फी भरलेल्या मुलीच्या नोंदीतही स्वभाव ‘शालीन’ एवढाच. भावाची फी तिने भरली हे लिहिले, तर ‘पोरगी लय बोलते’ असे म्हणतील, अशी घरच्यांना भीती. वर्णाच्या रकान्याचे तर बोलायलाच नको. ‘गव्हाळ’ हा शब्द या पुस्तिकांत इतक्या छटांसाठी वापरलेला आहे, की त्याला आता रंगच उरलेला नाही. समोर फोटो असताना तो रकाना कशासाठी, हेच मला समजलेले नाही.

सगळ्यात जास्त दुखवणारा शब्द मात्र घटस्फोटाच्या नोंदींत सापडतो. ‘निर्दोष घटस्फोटित’, ‘नाममात्र घटस्फोटित’. पहिल्या शब्दात सगळा दोष न दिसणाऱ्या दुसऱ्या माणसावर टाकलेला असतो. दुसरा शब्द एका स्त्रीच्या शरीराविषयीची माहिती चारशे पानांच्या पुस्तिकेत छापतो, आणि ती छापायला तिच्या घरची माणसेच पुढे असतात. ओळखीतल्या एका मुलीने मला तिची नोंद पाहायला दिली, तेव्हा मी ‘निर्दोष’ खोडून असे सुचवले : ‘पहिले लग्न झाले होते, तीन वर्षांनी कोर्टातून घटस्फोट झाला, मूल नाही. विचाराल ते भेटीत सांगेन.’ तिचे वडील बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. शेवटचे वाक्य काढा म्हणाले. मुलगी म्हणाली, तेच ठेवा. माझ्या मते ती बरोबर होती, कारण त्या कागदावर ‘मी बोलेन’ असे म्हणणारे ते एकच वाक्य होते.

आता एका नोंदीविषयी सविस्तर सांगतो. ती माझ्या भाच्याची. वय 32, राहणार दर्यापूर तालुक्यात, शेती करतो. शेतकरी मुलाला मुलगी मिळत नाही, ही वऱ्हाडात आता बातमीही राहिलेली नाही. मुलीकडच्यांच्या अपेक्षेच्या रकान्यात ‘नोकरीवाला, घरी शेती असल्यास प्राधान्य’ असे सर्रास असते; म्हणजे शेत हवे, शेतकरी नको. हे वाचून माझ्या भाच्यासारखी मुले खोटे लिहायला शिकतात, आणि त्यांना मी पूर्ण दोष देऊ शकत नाही.

पहिली नोंद त्याने तालुक्याला कॉम्प्युटरच्या दुकानात करून घेतली. वर गणपती, बाजूने गुलाबाची वेलबुट्टी. ‘शिक्षण बी.ए., व्यवसाय प्रगतिशील शेती व स्वतःचा व्यवसाय, शेती 14 एकर बागायती, स्वभाव मनमिळाऊ, अपेक्षा अनुरूप.’ मी त्याला विचारले, स्वतःचा व्यवसाय कोणता? तो म्हणाला, ‘‘मामा, त्या दुकानवाल्यानंच टाकलं. म्हने सगळेच टाकतात.’’ आणि बागायती? त्यावर तो गप्प बसला.

हा गप्प बसण्याचा मुद्दा समजायला त्या मुलखाची माहिती हवी. पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंना अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलेला आहे. जमीन खोल, काळी, कसदार; पण जमिनीखालचे पाणी खारे. विहीर खणली, बोअर मारले तरी ते पाणी पिकाला सतत देता येत नाही. चिकण माती त्याने आणखी घट्ट होते, पाणी मुरत नाही आणि रान बिघडत जाते. म्हणून इथली शेती बहुतेक पावसावरची. खरिपात सोयाबीन, मूग, कपाशी, तूर. आणि पावसाची ओल जमिनीत धरून ठेवली तर रब्बीत पाणी न देता येणारा हरभरा. कोणी शेततळे केले असेल, तर त्याला एखादे पाणी देता येते. अशा गावात ‘14 एकर बागायती’ लिहिणे म्हणजे चौकशीच्या पहिल्याच फोनला पडणे. शिवाय ती 14 एकर वडिलांच्या नावावर. दोन भाऊ, एक बहीण. 2005 च्या दुरुस्तीनंतर बहिणीचा हक्क भावांइतकाच. म्हणजे त्याच्या वाट्याला नेमके किती, हे वाटणीखेरीज कोणी सांगू शकत नाही. कागदावर मात्र चौदाच्या चौदा एकर त्याच्याच फोटोखाली.

माझे बोलणे त्याला लागले असावे. आठ दिवसांनी त्याने दुसरी नोंद स्वतः लिहून पाठवली. ती वाचून मला पहिलीच बरी वाटली. ‘मी शेतकरी आहे. कर्ज आहे. पाण्याची बोंब आहे. आतापर्यंत अकरा ठिकाणी नकार आला. पटत असेल तरच फोन करा.’ यात खोटे काही नव्हते, पण हा प्रामाणिकपणाही नव्हता. ती वाचणाऱ्या मुलीशी बोलण्याऐवजी तो त्या अकरा घरांशी भांडत होता. या प्रकारच्या नोंदी पुस्तिकांत कमी दिसतात, कारण घरची माणसे त्या छापू देत नाहीत. पण संकेतस्थळांवर त्या आहेत. स्वतःची निंदा केली की आपण खरे ठरतो, असा समज त्यांच्यामागे असतो. निंदाही विशेषणच आहे, तिचीही चौकशी करता येत नाही.

मग एका रविवारी मी त्याच्या गावी गेलो. लिहायला बसण्याआधी त्याच्याबरोबर दिवस काढला. सकाळी चहा त्यानेच केला. त्याच्या आईची बोटे संधिवाताने आखडतात, थंडीत तिला लवकर उठवत नाही. चुलीपाशी त्याच्या हालचालीत सवय होती, म्हणजे हे माझ्यासाठी केलेले नव्हते. नळाला पाणी चार दिवसांनी येते, त्या दिवशी ते आले होते. टाकी भरेपर्यंत तो कुठे हलला नाही. दुपारी त्याने मला एक वही दाखवली. कोणत्या तारखेला किती पाऊस, कधी पेरले, बियाण्याला किती लागले, किती क्विंटल झाले आणि कोणत्या भावाने गेले, हे सहा वर्षांचे त्याने लिहून ठेवले होते. मी त्याला विचारले, हे तू नोंदीत का लिहिले नाहीस? तो म्हणाला, ‘‘याच्यात लिव्हन्यासारखं काय हाये?’’

त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून लिहिलेली नोंद अशी :

‘मी 32 वर्षांचा, बी.ए. झालो आहे. खारपाणपट्ट्यात आमची 14 एकर कोरडवाहू शेती आहे. ती वडिलांच्या नावावर असून आम्ही दोघे भाऊ आणि बहीण तिचे वारस आहोत. भाऊ पुण्याला असतो, शेती मी पाहतो. सोयाबीन, तूर आणि हरभरा घेतो. सहा वर्षांचा जमाखर्च वहीत लिहिलेला आहे, तो दाखवीन. घरी आई-वडील आहेत. आईला संधिवात आहे, म्हणून सकाळचा चहा मी करतो. पिठले आणि खिचडी येते, भाकर थापता येत नाही. पिण्याचे पाणी नळाला चार दिवसांनी येते, घरी मोठी टाकी आहे. तालुक्याचे गाव 11 किलोमीटर. मी कमी बोलतो. राग आला की शेतात निघून जातो, असे बहीण म्हणते आणि ते खरे आहे. पत्नीने नोकरी करायची की नाही हे तिने ठरवावे. एकदा गावी येऊन, घर पाहून, इथले पाणी पिऊन मग हो किंवा नाही म्हणावे.’

यातल्या काही शब्दांवर आमचा बराच वाद झाला. कर्ज लिहायचे की नाही, हा पहिला. माझे मत असे, की दरवर्षी घ्यायचे आणि फेडायचे पीककर्ज छापण्याची गरज नाही, ते पहिल्या भेटीत सांगावे. वहीचा उल्लेख केला म्हणजे ते सांगण्याचे वचन आपोआप दिलेच आहे. थकीत कर्ज किंवा जमिनीवरचा बोजा मात्र वेगळी गोष्ट आहे, तो सातबाऱ्यावर दिसतोच. रागाच्या वाक्यावर आईचा आक्षेप होता : ‘‘असं कोनी लिह्यते का?’’ पण ते वाक्य बहिणीच्या तोंडी दिल्यावर तीही हसली. सख्ख्या बहिणीने भावाविषयी काढलेले ते उद्गार होते. मध्यस्थाची साक्ष अशी परत आणता येते. फक्त साक्षीदार कोण हे सांगायचे. ‘निर्व्यसनी’ लिहायचे नाही, असे मी म्हटले, तेव्हा त्याचे वडील नाराज झाले. पण तो तंबाखू अधूनमधून खातो. मग तो शब्द गाळला आणि तंबाखूचे भेटीत सांगायचे ठरले. ‘ते आधी सोड, मग सांग,’ असेही मी त्याला म्हणालो, तो भाग वेगळा.

छापायचे काय आणि तोंडी सांगायचे काय, याची सीमा याच अंगाने ठरते. पुस्तिका शेकडो घरांत जाते आणि शेवटी माझ्यासारख्याच्या रद्दीत येते. आजार, औषधे, घरातल्या कोणाचे मानसिक दुखणे, हे तिच्यात छापू नये. पण होकाराच्या आधी सांगितलेच पाहिजे. आमच्याकडे एक गोष्ट तर मुद्दाम विचारली पाहिजे, ती सिकलसेलची. विदर्भात, आदिवासी आणि काही इतर समाजांत, हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. वाहक माणूस धडधाकट असतो, त्याला स्वतःला काही कळत नाही. पण दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निपजण्याची शक्यता चारात एक असते. रक्ताच्या एका साध्या चाचणीने प्राथमिक अंदाज येतो, मग पक्की तपासणी करतात. पुस्तिकांत रक्तगटाचा रकाना वर्षानुवर्षे छापला जातो आणि लोक ‘एकच रक्तगट नको’ अशा गैरसमजात स्थळे नाकारतात. ज्या माहितीने खरोखर फरक पडतो ती मात्र कोणी मागत नाही. तीही छापण्यासाठी नव्हे, तर दोन घरांनी एकमेकांना सांगण्यासाठी मागायला हवी.

भाच्याची नोंद आम्ही एका मेळाव्याच्या समितीकडे दिली. नोंद फार लांब झाली, असे त्यांचे म्हणणे पडले, आणि ते खरेच होते. त्यांच्या एका पानात सहा नोंदी बसवायच्या असतात. छापून आली तेव्हा वही गेली होती, चहा गेला होता, बहीण गेली होती. ‘शेती 14 एकर, स्वभाव मनमिळाऊ’ एवढेच उरले होते. कोणी कार्यकर्त्याने चांगल्या भावनेने मामाचा आवाज परत घातला होता. ‘एकदा गावी येऊन, पाणी पिऊन मग हो किंवा नाही म्हणावे’ हे वाक्य मात्र अपेक्षेच्या रकान्यात बसले म्हणून राहून गेले. पूर्ण मजकूर आम्ही मग सोयऱ्यांना मोबाइलवर पाठवला आणि तो हातोहात पुढे गेला.

तीन फोन आले. दोन घरांनी गाव लांब पडते, पाण्याचे जमणार नाही, असे तिथल्या तिथे सांगितले. भाच्याला याचे वाईट वाटले नाही. आधीच्या अकरा नकारांत कारण कोणी सांगितले नव्हते. पोहे खाऊन, फोटो घेऊन माणसे जात आणि मग निरोप येत नसे. हे दोन नकार त्याच्या नोंदीतल्या वाक्यांना दिलेले होते, त्याला नव्हते.

तिसरे घर अकोट तालुक्यातले. मुलगी एका खासगी दवाखान्यात काम करते, वय 29. ती मे महिन्यात मावशीला घेऊन आली. त्या महिन्यात तिकडे ऊन असे असते, की दुपारी कुत्रेही रस्त्यावर दिसत नाही. तिने नळाचे पाणी प्यायले. मग विहिरीचेही ओंजळभर चाखून पाहिले आणि तोंड वाकडे केले. वही मागून घेतली, तीन वर्षांची पाने उलटली आणि दुष्काळी सालाच्या पानावर थांबून तुरीचे इतके कमी कसे झाले, ते विचारले. भाचा म्हणे त्यावर अर्धा तास बोलला. कमी बोलतो असे लिहिलेले खोटे ठरले, हे त्याच्या आईनेच मला फोनवर सांगितले.

आठ दिवसांनी तिच्याकडून तिची नोंद आली, स्वतःच्या हाताने लिहिलेली, मोबाइलवर फोटो काढून. तीत तिचा पगार होता, रात्रपाळीचे दिवस होते, बापाच्या दवाखान्याच्या खर्चाचा आकडा होता आणि लग्नानंतरही ती तो देत राहील, हे होते. स्वयंपाकाविषयी एवढेच होते, की पोळ्या चांगल्या होतात, भाकरही येते, पण सकाळी उठल्यावर पहिला चहा तिला आयता लागतो. बोलणे अजून चालू आहे. पाण्याचा प्रश्न सुटलेला नाही. तिच्या दवाखान्याचे काय करायचे, हेही ठरायचे आहे. तिच्या मावशीने परवा मला फोन करून ती दोन्ही पत्रके तुमच्या गोदामात ठेवू नका, असे बजावले.